नवा लॉट उघडला की सगळ्यांचे आयएनआर का सरकतात? पीटीच्या हिशेबातली चूक कशी शोधायची

तक्रार नेहमी एकाच साच्याची असते. थ्रोम्बोप्लास्टिन या रक्त गोठवणाऱ्या रिएजंटचा नवा बॉक्स उघडून चार-सहा दिवस झालेले असतात आणि कार्डिओलॉजी ओपीडीतून फोन येतो, की झडप बदललेल्या पेशंटचे आयएनआर, म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम दाखवणारे आकडे, अचानक एकाच दिशेला सरकलेत. औषध तेच, खाणंपिणं तेच, आणि तरीही महिनोन् महिने अडीच-तीनच्या आसपास असलेले पेशंट एकदम सव्वादोनवर आलेत. लॅबमध्ये कंट्रोल, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं तो नमुना, लावून पाहिला तर तो मर्यादेत असतो. मग रिएजंट विकणाऱ्या कंपनीला फोन होतो, ते वायल बदलून देतात, फरक तसाच राहतो. हळूहळू डॉक्टरांना त्या नव्या आकड्यांची सवय होते, तोवर पुढचा लॉट येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

या तक्रारीत बहुतेक वेळा रिएजंट चांगलं असतं, मशीन चांगलं असतं आणि सेकंदही बरोबर मोजलेले असतात. चूक असते ती सेकंदांचा आयएनआर करताना. ती शोधायला महागडं काही लागत नाही, पण त्या हिशेबात कुठला आकडा काय काम करतो हे नीट माहीत असावं लागतं.

आधी मोजणी. ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असलेल्या निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट या प्रमाणात सॅम्पल घेतो. सायट्रेट कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. सेंट्रीफ्यूज करून वरचा प्लाझ्मा घेतो. १०० मायक्रोलिटर प्लाझ्मा ३७ अंशांवर गरम होऊ देतो आणि त्यात २०० मायक्रोलिटर थ्रोम्बोप्लास्टिन टाकतो. या रिएजंटमध्ये टिश्यू फॅक्टर, फॉस्फोलिपिड आणि कॅल्शियम असतं. टाकल्या क्षणापासून घड्याळ सुरू होतं आणि फायब्रिनची गुठळी धरली की थांबतं. गुठळी काही मशीन प्रकाशाच्या फरकावरून ओळखतात, काही आतल्या लहान पोलादी गोळीची हालचाल मंदावली की ओळखतात. हे जे सेकंद मिळाले ते प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे पीटी. आर्मंड क्विक यांनी १९३५ साली ही पद्धत मांडली आणि तिचा गाभा आजही तोच आहे.

अडचण अशी, की हे सेकंद फक्त पेशंटचे नसतात, रिएजंटचेही असतात. वॉर्फरिन किंवा ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या माणसाच्या रक्तात गोठण्याला लागणारे फॅक्टर दोन, सात आणि दहा कमी झालेले असतात. एखादं थ्रोम्बोप्लास्टिन ही कमतरता फार तीव्रतेने दाखवतं, दुसरं सौम्यपणे. त्याच प्लाझ्माला एका लॉटने २८ सेकंद लागतील, दुसऱ्याने २३. सशाच्या मेंदूपासून बनवलेली जुनी रिएजंट बरीच सौम्य होती, आजची रिकॉम्बिनंट बहुधा तीव्र असतात. एकेकाळी इंग्लंड आणि अमेरिकेत वेगवेगळ्या तीव्रतेची रिएजंट वापरात असल्यामुळे एकाच ध्येयासाठी अमेरिकेतले पेशंट जास्त वॉर्फरिन घेत होते आणि त्यांना रक्तस्राव जास्त होत होता. हा घोळ मिटवायला जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ साली आयएनआरची पद्धत लागू केली.

```
INR = (PT / MNPT)^ISI
```

एमएनपीटी म्हणजे निरोगी माणसांचा त्याच रिएजंटवर आणि त्याच मशीनवर आलेला सरासरी पीटी. आयएसआय हा घातांक. तो ठरवताना निरोगी माणसांचे किमान २० आणि गोळीवर स्थिर असलेल्या पेशंटचे किमान ६० प्लाझ्मा घेतात. प्रत्येकाचा पीटी एकदा आंतरराष्ट्रीय संदर्भ थ्रोम्बोप्लास्टिनने काढतात, तोही हाताने, ३७ अंशांच्या पाण्यात ट्यूब तिरकी करत करत, आणि एकदा तपासायच्या रिएजंटने. दोन्ही पीटींचे लॉगॅरिदम आलेखावर मांडले की बिंदू साधारण सरळ रेषेत येतात. त्या रेषेच्या चढाला संदर्भ रिएजंटच्या आयएसआयने गुणलं की नव्या रिएजंटचा आयएसआय मिळतो. पहिल्या संदर्भ रिएजंटचा आयएसआय १.० धरला होता. तीव्र रिएजंटचा आयएसआय एकच्या जवळ, सौम्य रिएजंटचा दोनच्या पुढे. म्हणजे सौम्य रिएजंटचे कमी ताणलेले सेकंद आयएसआय ताणून संदर्भाच्या पातळीवर आणतो.

इथे एक गोष्ट मनात पक्की बसवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. लॉगॅरिदमच्या आलेखावर एमएनपीटी रेषेची जागा ठरवतो आणि आयएसआय रेषेचा चढ. एमएनपीटी चुकला तर सगळी रेषा वर किंवा खाली सरकते, त्यामुळे निरोगी माणसापासून आयएनआर पाचच्या पेशंटपर्यंत सगळ्यांचे आकडे सारख्याच टक्क्यांनी चुकतात. आयएसआय चुकला तर रेषा आयएनआर १ या बिंदूभोवती फिरते. निरोगी माणसाचा आयएनआर बरोबरच येतो, दोनचा थोडा चुकतो, चारचा बराच चुकतो. दोन्ही चुकांचे ठसे वेगळे आहेत, आणि ते रिपोर्टच्या रजिस्टरमध्ये उघड दिसतात.

आता एक प्रत्यक्ष प्रकरण. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका रुग्णालयाच्या लॅबमधला टेक्निशियन रजिस्टर घेऊन आला. म्हणाला, "मॅडम, कंट्रोलचे दोन्ही लेव्हल मर्यादेत आहेत, मशीनची सर्व्हिस गेल्याच महिन्यात झाली, तरी साहेब म्हणतात आयएनआर कमी येतोय." जुन्या लॉटचा आयएसआय १.०८ आणि एमएनपीटी १२.६ सेकंद होता. नव्या लॉटचा आयएसआय १.२६ आणि त्यांनी काढलेला एमएनपीटी ११.८ सेकंद. रिपोर्टवर एमएनपीटी ११.८ असाच छापला होता, त्यामुळे नवे आकडे भरले गेले आहेत असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

कंट्रोल मर्यादेत होता यात नवल काहीच नव्हतं. ते कंट्रोल सेकंदांत पाहत होते, आणि नव्या लॉटसाठीच्या सेकंदांच्या मर्यादेशी ताडून पाहत होते. रिएजंट ठीक, तापमान ठीक, पिपेट ठीक, तर कंट्रोलचे सेकंद बरोबर येणारच. सेकंदांनंतर जो हिशेब होतो तो कंट्रोलच्या नजरेच्या पलीकडचा आहे. कंट्रोलचा आयएनआरही नोंदवला जात असता आणि त्यालाही मर्यादा लावलेली असती, तर वरच्या लेव्हलच्या कंट्रोलने हे पहिल्याच सकाळी सांगितलं असतं.

नशिबाने जुन्या लॉटच्या काही वायल फ्रिजमध्ये शिल्लक होत्या. मी त्यांना सांगितलं, त्या दिवशीच्या ताज्या सॅम्पलमधून एक निरोगी माणूस आणि गोळीवर स्थिर असलेले तीन पेशंट निवडा, तिघांचे आयएनआर एकमेकांपासून लांब असू द्या, आणि प्रत्येक प्लाझ्मा दोन्ही लॉटवर दोनदा लावा. एकाच माणसाचा गेल्या महिन्याचा रिपोर्ट आणि या महिन्याचा रिपोर्ट ताडून काही सिद्ध होत नाही, मधल्या काळात त्याचं रक्तच बदललेलं असू शकतं. तोच प्लाझ्मा, त्याच तासात, दोन्ही लॉटवर लावला तरच ती तुलना होते.

निरोगी माणसाचा नव्या लॉटवर पीटी आला ११.९ सेकंद, छापील आयएनआर १.०१. जुन्या लॉटवरही एकच. म्हणजे एमएनपीटी बरोबर बसलेला आहे. तो जुना १२.६ राहिला असता तर निरोगी माणसं ०.९२च्या आसपास आली असती. हा शोध घ्यायला तर सॅम्पलही लावायला लागत नाही. ऑपरेशनआधीच्या तपासणीला आलेल्या, गोळी न घेणाऱ्या माणसांचे आठवड्याभराचे आयएनआर वाचा. ते १.०च्या आसपास मागेपुढे असतील तर एमएनपीटीवरचा संशय बाजूला ठेवा. सगळेच ०.९ किंवा सगळेच १.१ दिसत असतील तर चूक तिथेच आहे.

पहिल्या पेशंटचा जुन्या लॉटवर पीटी २८.३ सेकंद, आयएनआर २.४०. नव्या लॉटवर पीटी २३.४ सेकंद आणि छापील आयएनआर २.०९. दुसऱ्याचा जुना ३.१५, नव्यावर २९.५ सेकंद आणि छापील २.६९. तिसऱ्याचा जुना ४.४६, नव्यावर ३८.९ सेकंद आणि छापील ३.६३. टक्क्यांत पाहा. निरोगी माणसात फरक नाही, मग साधारण १३ टक्के, १५ टक्के आणि १९ टक्के कमी. आयएनआर वाढेल तसा फरक वाढतोय. हा आयएसआयच्या चुकीचा ठसा आहे.

आता उलटा हिशेब करायचा. छापील आयएनआर आणि सेकंद दोन्ही हातात आहेत, तर मशीनने कुठला आयएसआय वापरला हे काढता येतं. कॅल्क्युलेटरवर किंवा एक्सेलमध्ये, आयएनआरच्या लॉगला पीटी भागिले एमएनपीटीच्या लॉगने भागा:

```
=LN(2.09)/LN(23.4/11.8)
```

उत्तर १.०८ येतं. तिन्ही पेशंटचं तेच. म्हणजे छापील आयएनआर जुन्याच आयएसआयने काढला जात होता. याच सूत्रात छापील आयएनआरऐवजी जुन्या लॉटवरचे आयएनआर घातले, तर तिघांचे १.२८, १.२५ आणि १.२५ येतात, सरासरी १.२६. म्हणजे पॅकेज इन्सर्टवरचा नवा आयएसआय योग्य आहे आणि तो वापरला तर आयएनआर २.३७, ३.१७ आणि ४.५० येतात. जुन्या लॉटच्या आकड्यांपासून एक टक्क्याच्या आसपास.

पण मशीनच्या स्क्रीनवर आयएसआय १.२६ असाच दिसत होता! टेक्निशियनने तो पहिल्याच दिवशी बदलला होता आणि मशीनवर २.३७ असा योग्य आयएनआरही दिसत होता. लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र मशीनकडून फक्त सेकंद येत होते आणि आयएनआर सॉफ्टवेअर स्वतः काढत होतं. एमएनपीटीचा रकाना रिपोर्टवर छापला जातो म्हणून तो बदलायची सोय लॅबकडे होती. आयएसआय मात्र टेस्टच्या मास्टरमध्ये, म्हणजे मूळ सेटिंगमध्ये होता, तो सॉफ्टवेअरवाल्यांच्या पासवर्डशिवाय उघडत नव्हता, आणि तो तिथे आहे हेच लॅबमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. आधीच्या दोन लॉटचे आयएसआय योगायोगाने १.०८च्या जवळ होते म्हणून ही चूक इतके दिवस झाकलेली राहिली.

हे वारंवार घडतं ते याच कारणाने. आयएसआय दोन ठिकाणी साठवलेला असतो आणि एकाच ठिकाणी बदलला जातो. म्हणून तुमच्याकडे आयएनआर नेमका कोण काढतो, मशीन की सॉफ्टवेअर, हे आजच पाहून घ्या. एका पेशंटचे मशीनवरचे सेकंद आणि आयएनआर लिहून घ्या आणि छापील रिपोर्टशी ताडा, दोन मिनिटांचं काम आहे. जमलं तर सॉफ्टवेअरला आयएनआर काढूच देऊ नका, मशीनचा आयएनआर जसाच्या तसा जाऊ द्या. आणि रिपोर्टवर एमएनपीटीच्या शेजारी आयएसआयही छापा. छापलेला चुकीचा आकडा कुणाच्या तरी डोळ्यात भरतो. न छापलेला कुणालाच दिसत नाही.

याचे परिणाम किती गंभीर असू शकतात याचं नोंद असलेलं उदाहरण फिलाडेल्फियाचं आहे. २००१च्या उन्हाळ्यात तिथल्या सेंट ॲग्नेस मेडिकल सेंटरच्या लॅबमध्ये रिएजंट बदललं, पण हिशेबात चुकीचा आयएसआय राहिला. आयएनआर खऱ्यापेक्षा कमी दिसत राहिले, म्हणून डॉक्टर वॉर्फरिनचा डोस वाढवत गेले. नऊशेहून जास्त पेशंटचे रिपोर्ट चुकले आणि काही मृत्यूंशी त्या चुकीचा संबंध जोडला गेला. आपल्या प्रकरणातही धोका त्याच दिशेचा होता. मायट्रल झडप बदललेल्या पेशंटसाठी ध्येय साधारण २.५ ते ३.५ असतं. खरा आयएनआर २.८ असलेल्या माणसाचा रिपोर्ट २.४ आला की डोस वाढणार, आणि खरा ४.५ असलेल्याचा ३.६ आला की "थोडासाच जास्त आहे" म्हणून कुणी फारसं घाबरणार नाही.

आता दुसरा ठसा, म्हणजे सगळ्यांचे आकडे सारख्या टक्क्यांनी सरकलेले. आपल्याकडच्या लहान लॅबमध्ये याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे एमएनपीटीच्या जागी त्या दिवशीच्या कंट्रोलचे सेकंद घालणं. रिपोर्टवर "टेस्ट २३.४, कंट्रोल १३.१" असं लिहायची जुनी पद्धत होती आणि आयएनआर त्याच कंट्रोलने भागून काढला जातो. कंट्रोलची बाटली म्हणजे कारखान्यात सुकवलेला, पाण्याने पुन्हा विरघळवलेला प्लाझ्मा. त्याचे सेकंद निरोगी माणसांच्या सरासरीइतके असतीलच असं नाही, आणि ते रोज थोडे हलतात. आपल्या २३.४ सेकंदांच्याच पेशंटला आयएसआय १.२६ धरून एका दिवशी १२.२ने भागलं तर आयएनआर २.२७ येतो, दुसऱ्या दिवशी १३.१ने भागलं तर २.०८. पेशंटमध्ये काहीही बदल नाही. खरा आकडा २.३७ आहे, तो दोन्ही दिवशी आला नाही. कंट्रोलचं काम मशीन आणि रिएजंट ठीक आहे की नाही हे सांगणं. त्याला हिशेबात बसवू नका.

एमएनपीटी काढायचा तो निरोगी प्रौढ माणसांवरून, किमान २० जणांवरून, स्त्री-पुरुष दोन्ही घेऊन. रुग्णालयाचे कर्मचारी आणि रक्तदाते सोयीचे पडतात. गोळी घेणारे, यकृताचा आजार असलेले, गर्भवती आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया यांना वगळा. सगळ्यांना एकाच सकाळी न बसवता तीन-चार दिवसांत विभागा, म्हणजे एखाद्या दिवसाचा खोडसाळपणा सरासरीत शिरत नाही. पेशंटचे नमुने ज्या ट्यूबमध्ये येतात त्याच ट्यूब, तेच मशीन, आणि वापरायचा तोच लॉट. सरासरी भूमितीय काढायची. एक्सेलमध्ये:

```
=GEOMEAN(A1:A20)
```

दर लॉटला हे वीस जणांचं काम जड वाटतं हे मला मान्य आहे. पण वीस जण मिळत नाहीत म्हणून जुना एमएनपीटी तसाच पुढे नेणं हा उपाय नव्हे. वर्षाकाठी एकच लॉट राखून ठेवायला पुरवठादाराला सांगा. बहुतेक जण आगाऊ ऑर्डर दिली तर देतात, आणि मग हे काम वर्षातून एकदाच करावं लागतं. नवा लॉट जुना संपायच्या निदान दोन आठवडे आधी लॅबमध्ये असू द्या. जुनी शेवटची वायल संपल्यावर नवा बॉक्स उघडला तर तुलना करायची संधीच हातातून गेलेली असते.

तिसरी शक्यता जरा फसवी आहे. आयएसआय दोन्ही ठिकाणी बदलला, एमएनपीटी नवा काढला, तरी फरक आयएसआयच्या चुकीसारखाच दिसतो. अशा वेळी पॅकेज इन्सर्ट पुन्हा उघडा. तिथे आयएसआय एकच आकडा नसतो, मशीननुसार तक्ता असतो. त्याच लॉटचा प्रकाशावर चालणाऱ्या मशीनचा आयएसआय वेगळा, पोलादी गोळीवर चालणाऱ्याचा वेगळा, हाताने करण्याचा आणखी वेगळा. गुठळी केव्हा धरली हे प्रत्येक मशीन आपल्या रीतीने ठरवतं, म्हणून आयएसआय रिएजंट आणि मशीन या जोडीचा असतो. वरच्या ओळीतला आकडा उचलून भरलेला मी कितीदा तरी पाहिला आहे. आणि एका कंपनीचं रिएजंट दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर वापरत असाल, तर तुमचं मशीन तक्त्यात बहुधा नसतंच.

तेव्हा स्थानिक कॅलिब्रेशन करावं लागतं. आयएनआर आधीच ठरवलेल्या प्रमाणित प्लाझ्मांचे संच विकत मिळतात. ते आपल्या मशीनवर, आपल्या लॉटने, वेगवेगळ्या दिवशी लावायचे. एका अक्षावर लिहिलेल्या आयएनआरचा लॉग, दुसऱ्यावर आलेल्या सेकंदांचा लॉग, आणि त्यातून रेषा. या रेषेवरून सेकंदांचा थेट आयएनआर वाचता येतो, म्हणजे आयएसआय आणि एमएनपीटी वेगवेगळे भरायची गरजच उरत नाही. मी जुन्या लॉटवरून उलट्या हिशेबाने १.२६ काढला, ती केवळ पडताळणी होती. तिला कॅलिब्रेशन समजू नका. जुन्याच लॉटचा हिशेब चुकलेला असेल तर ती चूक नव्या लॉटमध्ये तशीच उतरते, आणि दोन लॉट एकमेकांशी छान जुळतात, फक्त सत्याशी जुळत नाहीत. त्यासाठी बाहेरचा आरसा लागतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून चालणाऱ्या बाह्य गुणवत्ता तपासणीत भाग घेणाऱ्या लॅबना तो मिळतो. तिथे आपला आयएनआर दर फेरीला इतरांपेक्षा एकाच बाजूला पडत असेल तर लॉट हे कारण नसून मशीन आणि आयएसआयची जोडी हे कारण आहे.

किती फरक चालतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार आयएनआरमधला १० टक्क्यांपर्यंतचा फरक उपचाराच्या दृष्टीने फारसा महत्त्वाचा मानत नाहीत. दोन लॉटमधली सरासरी तफावत तेवढ्यात असली तर लॉट सुरू करा. मात्र सगळे बिंदू एकाच बाजूला असतील तर आठ टक्क्यांवरही मी थांबून कारण शोधते. आणि शक्य असेल तर एकच्या जवळचा आयएसआय असलेलंच रिएजंट घ्या. पीटी मोजण्यातली चूक आयएसआयने गुणली जाऊन आयएनआरमध्ये उतरते. मशीनची तफावत ३ टक्के असेल, तर आयएसआय १ असलेल्या रिएजंटने आयएनआरची तफावत साधारण ३ टक्के राहते, २ असलेल्याने ६ होते. स्वस्त रिएजंटची किंमत अशी वसूल होते.

कधी कधी तक्रार लॉटची म्हणून येते पण असते सॅम्पलची. ओळखायची खूण सोपी आहे. लॉटची चूक सगळ्यांना लागते, सॅम्पलची एकट्या-दुकट्याला. अर्धवट भरलेली ट्यूब, ३.८ टक्के सायट्रेटची चुकून आलेली ट्यूब, या दोन्हींत सायट्रेट जास्त होतं आणि पीटी लांबतो. फ्रिजमध्ये ठेवलेला पीटीचा नमुना थंडीने फॅक्टर सात जागा झाल्यामुळे कमी सेकंद दाखवू शकतो. पीटीचा नमुना खोलीच्या तापमानालाच ठेवा, बंद ट्यूबमध्ये तो २४ तास चालतो. विरघळवलेलं रिएजंट खराब होत असेल तर फरक दिवसभरात हळूहळू वाढत जातो, लॉट बदलल्या दिवशी पायरीसारखा येत नाही.

जन्मजात हृदयविकार असलेल्या निळसर मुलांकडे मात्र वेगळं लक्ष हवं. त्यांचा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा टक्का, ५५च्या वर असू शकतो, तेव्हा प्लाझ्मा कमी असतो, आणि ट्यूबमधलं नेहमीचं सायट्रेट त्या थोड्या प्लाझ्माला जास्त पडतं. आयएनआर खोटाच वाढलेला येतो. हिमॅटोक्रिट ६५ असेल तर १.८ मिली रक्ताला ०.२ ऐवजी सुमारे ०.१२ मिली सायट्रेट पुरतं. हिशेब असा:

```
C = 0.00185 × (100 − Hct) × V
```

इथे `V` म्हणजे रक्ताचे मिली आणि `C` म्हणजे सायट्रेटचे मिली. वॉर्डला आधी कळवून अशी ट्यूब लॅबमधूनच करून पाठवायची.

आयएसआयची मर्यादाही ध्यानात असू द्या. तो गोळीवर स्थिर असलेल्या पेशंटवरून, साधारण १.५ ते ४.५ या पट्ट्यात ठरवलेला असतो. सहा किंवा आठ आयएनआरचा रिपोर्ट "खूप जास्त" एवढंच सांगतो, सहा आणि सात यांतला फरक मोजू शकत नाही. यकृताच्या आजारात फॅक्टरची कमतरता वेगळ्या ढंगाची असते, त्यामुळे आयएसआय अगदी बरोबर असूनही दोन रिएजंटचे आयएनआर जुळत नाहीत. नुकतीच गोळी सुरू झालेल्या पेशंटचे पहिले काही दिवस असेच असतात. म्हणून लॉटच्या तुलनेसाठी असे नमुने, हेपरिनवरचे नमुने आणि रिव्हारोक्सॅबॅनसारखी औषधं घेणाऱ्यांचे नमुने निवडू नका. एक असा नमुना आला तरी रेषा वाकडी दिसते आणि तुम्ही नसलेली चूक शोधत बसता.

चूक सापडल्यावर आधीच्या रिपोर्टचं काय? इथे एक मोठी सोय आहे. सेकंद बरोबर होते आणि ते साठवलेले आहेत, म्हणून कुणालाही पुन्हा सुई टोचावी न लागता प्रत्येक आयएनआर नव्याने काढता येतो. त्या लॅबने नवा लॉट सुरू झाल्यापासूनची यादी एक्सेलमध्ये घेतली आणि शेजारच्या रकान्यात हे भरलं:

```
=POWER(B2/11.8,1.26)
```

मग यादी सुधारित आयएनआरनुसार उतरत्या क्रमाने लावली. चारच्या वर गेलेल्या नावांसाठी डॉक्टरांना त्याच दुपारी फोन केले. त्यानंतर ज्यांचा छापील आयएनआर ध्येयाखाली पण सुधारित आयएनआर ध्येयात होता त्यांची यादी दिली, कारण डोस वाढवला गेला असण्याची शक्यता त्यांच्यातच जास्त होती. अशांचा सुधारित जुना आकडा आता पुरेसा नसतो, वाढलेल्या डोसचा परिणाम त्यानंतर झालेला असतो, म्हणून त्यांना बोलावून ताजा नमुना घेतला. बाकीच्यांना सुधारित रिपोर्ट गेले, त्यावर जुना आकडा, नवा आकडा, बदलाचं कारण आणि वापरलेला आयएसआय हे चारही लिहून. सॉफ्टवेअरवाल्यांनी आयएसआयचा रकाना लॅबसाठी उघडा करून दिला, आणि नवा लॉट सुरू करायच्या कागदावर एक ओळ वाढली: मशीनवरचा आयएनआर आणि छापील आयएनआर दोन पेशंटवर जुळवून, दोघांनी सही करायची.